मदत हवी आहे: व्हॉइसमेलमधलं 'परवा' कॅलेंडरमध्ये कुठल्या तारखेला टाकू?

नकाशेवाली: घरांचे नकाशे काढते. क्लायंटचा व्हॉइसमेल आलाय, बुधवार ११ तारीख, रात्री १२:१० चा. मी ऐकला सकाळी नऊला. जसाच्या तसा देते:

"परवा चारला भेटू… नाही, चारला नको, पावणेपाच धरा. नकाशाची दुसरी प्रत आणा. भाऊ पण येईल बहुतेक."

मी शुक्रवारी १३ ला दुपारी ४ ते ५ अशी नोंद केली आणि 'ओके, भेटू' असं उत्तर लिहून ठेवलंय, अजून पाठवलं नाही. नोंद एका ओळीत बसवायची आहे. काही राहिलंय का?

टिपणकार: पाठवू नका! मी तर अख्खा निरोप नोंदीच्या नावातच टाकतो, म्हणजे काही सुटत नाही.

जुनी_सेक्रेटरी: सगळं जपून ठेवायचं हे बरोबर, पण ते खालच्या वर्णनाच्या रकान्यात. मोबाइलवर नावाचे पहिले चार-पाच शब्दच दिसतात.

ताई, वेळ चुकली आहे. माणूस बोलता बोलता स्वतःला सुधारतो तेव्हा शेवटचं धरायचं, म्हणजे ४:४५. तारखेचा घोळ मोठा आहे. बारा वाजून गेले तरी न झोपलेल्या माणसाचा मंगळवारच चालू असतो. त्याचा 'परवा' गुरुवार, तुमचा शुक्रवार. माझा कल गुरुवारकडे आहे, पण खात्री कुणालाच देता येणार नाही. विचारेपर्यंत दोन्ही दिवशी ४:४५ अडवून ठेवा. नोंद अशी:

"नक्की नाही: क्ष, नकाशा, दुसरी प्रत न्यायची"

वेळ तिच्या रकान्यात जाते, नावात पुन्हा नको. भाऊ 'बहुतेक' आहे, तोही वर्णनात.

उत्तर: "नमस्कार, निरोप मिळाला. ४:४५ ला भेटू, दुसरी प्रत आणते. गुरुवार १२ की शुक्रवार १३? आज संध्याकाळपर्यंत कळवाल का?"

'गुरुवारी ना?' असं विचारलं तर लोक न वाचताच 'हो' म्हणतात.

दूरचा_पाहुणा: माझे क्लायंट परदेशात असतात. त्यांची रात्र म्हणजे माझी सकाळ, मग 'उद्या' कुणाचा?

जुनी_सेक्रेटरी: बोलणाऱ्याचा. फोनवर दिसणारी वेळ बहुधा तुमच्याकडची असते, ती आधी त्यांच्या घड्याळात बदलून घ्या. धाग्यातला प्रश्न मात्र वेगळा आहे.

टिपणकार: दोन दिवस अडवायचे म्हणजे दुसऱ्या क्लायंटला नकार द्यायचा. मला नाही पटत.

जुनी_सेक्रेटरी: संध्याकाळपर्यंतच. म्हणून तर मुदत घातली.

नकाशेवाली: पाठवलं. दहा मिनिटांत उत्तर आलं: "हो, चालेल."

आता सरळ फोनच लावते.