भाव वाढवल्याचं जुन्या गिऱ्हाइकांना कसं सांगितलंत? – अनुभव धागा

धागा काढणारी (जुळे सोलापूर)
माझी मावशी घरी कडक भाकरी करते, ऑर्डरी मी इन्स्टावर आणि व्हॉट्सॲपवर घेते. दोन वर्षं भाव तोच आहे, आता वाढवावाच लागणार. चार-पाच चित्रांचं कॅरोसेल करून नीट कारणं सांगावीत असं माझ्या मनात आहे. मावशी म्हणते, "बोर्डावर आकडा बदल की, एवढं पुराण कशाला?" पण निम्मी गिऱ्हाइकं पुण्या-मुंबईची आहेत, त्यांना बोर्ड कुठला दिसायला! ज्यांनी असं केलंय त्यांनी लिहा. फसलं असेल तर तेही लिहा.

चटणीवाली
माझं आधी फसलं, मग जमलं. दोन्ही सांगते.

शेंगा चटणीचं पाव किलोचं पाकीट 90 ला होतं, ते 105 करायचं होतं. 2024 मध्ये लसूण किलोला चारशेपर्यंत गेला तेव्हा मी कळ काढली, भाव वाढवला नाही. वाढवला 2025 च्या मार्चमध्ये आणि पोस्टमध्ये कारण दिलं लसणाचं. लसणाचा मोठा सुंदर फोटोही टाकला. तासाभरात एका जुन्या काकूंचा मेसेज आला, "अगं, लसूण तर उतरलाय की! कालच मंडईतनं आणला." मला तोंड लपवायला जागा उरली नाही. पोस्ट काढून टाकली.

मग वही घेऊन बसले. एक किलो कच्चे दाणे भाजून, सालं पाखडून वजनात घटतात. त्यात तिखट, लसूण, जिरं, मीठ पडलं की पुन्हा किलोच्या आसपास चटणी होते, म्हणजे चार पाकिटं. दाणे किलोमागे 24 रुपयांनी वाढले होते, पाकिटामागे 6 झाले. कांडायला दोन बायका येतात. दोघींची हजेरी 50-50 नं वाढवली होती आणि दिवसाला 80 पाकिटं निघतात, म्हणून तिथे सव्वा रुपया. पाऊच, गॅस, तिखट मिळून पावणेदोन. झाले एकूण 9. वाढ करत होते 15 ची! उरलेले 6 कुठले, ते माझं मलाच सांगता येईना.

ते 6 म्हणजे माझी मजुरी, जी मी कधी धरलीच नव्हती. पहाटे चारला उठून दाणे भाजणारी मी, वहीत कुठेच नव्हते.

दुसऱ्या वेळी सहा चित्रं केली. पहिल्यावर पाकिटाचा फोटो आणि थेट आकडा: 1 एप्रिलपासून 90 ऐवजी 105. "एक महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे" असलं काही नाही, कारण तसं लिहिलं की लोकांना वाटतं दुकान बंद होतंय. दुसऱ्यावर दाण्यांचे 6, तिसऱ्यावर मजुरी-पाऊच-गॅस-तिखटाचे 3, चौथ्यावर "उरलेले 6 माझ्या कामाचे, ते आजवर घेत नव्हते." पाचव्यावर काय बदलणार नाही ते: वजन पूर्ण 250 ग्रॅम आणि चटणी उखळातच कांडलेली. सहाव्यावर 31 मार्चपर्यंत जुन्या गिऱ्हाइकांना जुना भाव, घरटी 4 पाकिटं. हे 4 मुद्दाम लिहिलं. नाहीतर कुणीतरी 40 नेतो, दाण्याचं तेल खवट होतं आणि नाव आपलं जातं.

साठेक नेहमीची घरं आहेत. पाच सुटली, त्यातली दोन दिवाळीला परत आली. लसणाचं चित्र पुन्हा टाकलं नाही.

मेसवाला
मी पोस्टबिस्ट केली नाही. डब्यात तीन भाकऱ्या द्यायचो, भाव तोच ठेवून आकार जरा लहान केला. कुणाला कळणार नाही वाटलं. आठव्या दिवशी एका पोरानं जुन्या-नव्या भाकरीचे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं "मामा, काय बे हे?" त्यापेक्षा दहा रुपये वाढवले असते तर बरं झालं असतं. तुमचा प्रश्न पोस्टचा होता, मी माझंच सांगत बसलो.

निवृत्त काका
कॅरोसेल म्हटल्यावर मला गड्डा यात्रेतला घोड्यांचा पाळणा वाटला, म्हणून उघडलं. त्याचंही तिकीट दर वर्षी वाढतं, पण कारण कुणी सांगत नाही. चालू द्या.

टॉवेल-नॅपकिनवाला (पूर्व भाग)
सुताचा भाव वाढला म्हणून मी पाच चित्रांची पोस्ट केली होती. दोन चुका झाल्या. एक, चौथ्या चित्रात मोठ्या टॉवेलचा भाव 240 ऐवजी 420 पडला. पोस्ट केल्यावर मजकूर दुरुस्त करता येतो, एखादं चित्र काढूनही टाकता येतं, पण चित्रातला आकडा बदलत नाही. आता भाव चित्रातही लिहितो आणि खालच्या मजकुरातही.

दुसरी चूक व्हॉट्सॲपची. तीच चित्रं तिथे पाठवली, तर लोकांनी पुढे पाठवताना एकच निवडलं, "जुना भाव महिनाअखेरपर्यंत" हे. नवा भाव किती, का, काहीच गेलं नाही. कुणी विचारलं, "सेल लागलाय का?" आता प्रत्येक चित्रावर कोपऱ्यात 1/5, 2/5 लिहितो आणि तारीख व नवा भाव प्रत्येकावर बारीक अक्षरात असतो. आमच्याकडची निम्मी गिऱ्हाइकं तेलुगू बोलणारी आहेत, त्यांना मी फोनच करतो. चित्रं वाचण्यापेक्षा दोन वाक्यं बोललेली बरी पडतात.

लाडूवाली
सोपं आहे, जुन्या पाकिटांवर नव्या भावाचं स्टिकर मारा आणि त्याचाच फोटो पहिल्या चित्राला लावा. लोकांना लगेच कळतं.

पाऊच छापणारा
ताई, फोटोची कल्पना चांगली, स्टिकर मात्र नको. छापलेल्या एमआरपीवर वाढीव भावाचं स्टिकर मारता येत नाही, वजनमाप खात्याचा नियम आहे. कमी किमतीचं चालतं, पण खालची छापील किंमत झाकायची नाही. म्हणून तारीख ठरवण्याआधी घरातले जुने पाऊच मोजा. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, "1 तारखेपासून नवा भाव" असं जाहीर करून बसल्या आणि घरात 1,100 जुने पाऊच, भावासकट छापलेले. शेवटी तारीख दीड महिना पुढे ढकलावी लागली आणि तसं सांगायला आणखी एक पोस्ट.

मेसवाला
चटणीवाल्या ताई, मजुरीचं चित्र मला पटलं नाही. दाणे महागले हे गिऱ्हाईक समजून घेतं. "माझे 6" म्हटलं की उद्या घासाघीस त्या 6 वरच होणार.

चटणीवाली
झाली ना. एकानं विचारलं, "मला 3 कमी करा, तुमच्यातले." मी नाही म्हटलं. दुसऱ्या एका बाईंनी लिहिलं, "कमीच धरलेस." पण ते 6 दाण्यांवर ढकलले असते तर त्याच काकूंनी दाण्यांचाही भाव सांगितला असता.

धागा काढणारी
काल मावशीबरोबर बेरीज केली. ज्वारी, गॅस, पॅकिंग मिळून दहा भाकऱ्यांच्या पाकिटाला 7 रुपये निघाले, वाढवायचे होते 10. मावशीला विचारलं, तीन तुझे म्हणून लिहू का? म्हणाली, "माझे कसले, मी घरचीच आहे की." मग भाव 7 नंच वाढव म्हणाली. तिथेच भांडण अडलंय. जुने पाऊच मोजले, 340 आहेत, ते संपेपर्यंत तरी वेळ आहे.