मदत हवी आहे : सरांचं एकच वाक्य फ्लेक्सवर, कॅप्शनमध्ये आणि ग्रीटिंग कार्डात कसं बसवू?

मृण्मयी_सदाशिव
आमच्या शाळेतले गणिताचे सर ३० तारखेला निवृत्त होताहेत. शिक्षकसभेत ते नेहमी म्हणतात ते वाक्य आम्हाला तीन ठिकाणी घ्यायचंय: सभागृहातला ६ बाय ३ फुटी फ्लेक्स, इन्स्टाग्राम पोस्टचं कॅप्शन आणि आम्ही ११ शिक्षक सही करून देणार ते कार्ड. वाक्य असं:

"मुलाला उत्तर येत नसेल तर त्याला दोष देऊ नका, आधी आपला प्रश्न पुन्हा वाचा, कारण निम्म्या वेळा चूक प्रश्नात असते आणि आपण ती मुलाच्या वहीत शोधत बसतो."

फ्लेक्सवाल्याने सगळं वाक्य बसवून नमुना दिला. मधल्या रांगेतूनच अक्षरं गिचमिड दिसतात, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना चिकटलेत. म्हणून मी फ्लेक्ससाठी फक्त "आधी आपला प्रश्न पुन्हा वाचा" ठेवायचं म्हणतेय. बरोबर होईल का?

कोथरूडकर
होईल की. फ्लेक्सवर दहा शब्दांच्या वर जायचंच नाही, हा साधा नियम. कॅप्शनला मर्यादा नसते, तिथे अख्खं टाका.

आजोबा_नारायणपेठ
निवृत्तीवर छान सुविचार हवे असतील तर अप्पा बळवंत चौकात सुविचारसंग्रहाची पुस्तकं मिळतात. माझ्या वेळी मुलांनी तिथूनच निवडला होता.

मृण्मयी_सदाशिव
काका, वाक्य सरांचंच हवंय, नवीन शोधायचं नाहीये.

खिळे_जुळवणारा
तीस वर्षं छपाईत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मृण्मयीताई, तो तुकडा घेऊ नका. सभागृहात मुलं बसणार. त्यांना तो परीक्षेतल्या सूचनेसारखा वाटेल: पेपर हातात आला की प्रश्न नीट वाचा. सर बोलताहेत शिक्षकांशी, आणि नेमकं तेच कापलं गेलंय. तुकडा निवडलात की ज्याने मूळ वाक्य ऐकलेलं नाही अशा माणसाला वाचून दाखवा आणि विचारा, हे कोण कोणाला म्हणतंय? उत्तर चुकलं तर तुकडा चुकला.

आता मापाचं. शब्द मोजून फ्लेक्स ठरत नाही, अंतर मोजून ठरतो. दहा फुटांमागे एक इंच उंचीचं अक्षर, हा आमचा ढोबळ हिशेब. तुमची शेवटची रांग किती लांब आहे?

मृण्मयी_सदाशिव
स्टेजपासून चाळीस फूट.

खिळे_जुळवणारा
मग अक्षर चार इंच. समास सोडून रुंदी उरते साधारण ६६ इंच, म्हणजे ओळीत सोळाच्या आसपास अक्षरं, मधल्या जागा धरून. तुमचं अख्खं वाक्य नव्वदच्या घरात जातं, त्याच्या सहा ओळी होतील. वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, म्हणून एका ओळीला अक्षराच्या दुप्पट उंची द्यावी लागते. सहा ओळींना ४८ इंच लागतात आणि तुमच्याकडे आहेत ३६. फ्लेक्सवाल्याने अक्षर लहान केलं आणि ओळी आवळल्या, म्हणून ते चिकटलं.

शेवटचा भाग घ्या:

निम्म्या वेळा चूक प्रश्नात असते
आणि आपण ती
मुलाच्या वहीत शोधत बसतो

बारा शब्द, तीन ओळी, २४ इंच. खाली सरांच्या नावाला जागा उरते. "मुलाच्या वहीत" ही जोडी ओळीच्या शेवटी तुटू देऊ नका.

कोथरूडकर
बारा शब्द चालत असतील तर माझा दहाचा नियम मागे घेतो. पण कॅप्शनचं तरी बरोबर आहे ना?

डिजिटल_दीपा
अर्धं. मर्यादा आहे, २,२०० कॅरेक्टरची, आणि त्यात काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते. "निम्म्या" डोळ्यांना दोन अक्षरं, मोजणीत आठ. तरी हे वाक्य आरामात बसतं. खरा प्रश्न "more" च्या आधी काय दिसतं हा. सुरुवातीलाच "आज आमच्या लाडक्या सरांचा निरोप समारंभ" लिहिलंत तर वाक्य दडून जाईल. वाक्य आधी, समारंभाचं नंतर. सुरुवातीचं "मुलाला उत्तर येत नसेल तर त्याला दोष देऊ नका" एवढंच दिसलं तरी ते आपल्यापुरतं पूर्ण आहे.

खिळे_जुळवणारा
कार्ड हातात धरून वाचतात, तिथे अख्खंच घ्या. ए-५ कागद मधोमध दुमडला की आतली दोन पानं मिळतात. डाव्या पानावर वाक्य, उजवं पान सह्यांना कोरं. अकरा जण दोन-दोन ओळी लिहिणार, ती जागा आधी राखा. मुखपृष्ठावर फक्त सरांचं नाव. वाक्य तिथेच वाचलं गेलं तर कार्ड उघडताना काही राहत नाही.

डिजिटल_दीपा
फ्लेक्सवर "कारण" गळतंय, मग सुरुवातीला तीन टिंबं नकोत का? कोणाचं तरी बोलणं आहे, कापलंय हे दिसायला हवं.

खिळे_जुळवणारा
कार्डात कापलं असतं तर दिली असती. चाळीस फुटांवरून टिंबं म्हणजे डाग वाटतात. अवतरणचिन्ह आणि खाली नाव पुरे.

डिजिटल_दीपा
मला नाही पटत. निदान सरांना विचारा.

मृण्मयी_सदाशिव
आत्ता आमच्या शिपाईमामांना तुकडा वाचून दाखवला. म्हणाले, "हे मास्तर मास्तरांनाच सांगताहेत." तोच घेतेय, उद्या नवीन नमुना. टिंबांचं सरांना विचारायचं तर फ्लेक्स आधीच कळेल त्यांना, त्यामुळे ते अजून ठरत नाहीये.