मदत हवी आहे: ईएलएसएसला तीन वर्षं झाली, तरी सगळे पैसे का निघत नाहीत?

मेघना_सातारा
नमस्कार. 10 फेब्रुवारीला घराच्या मुद्रांक शुल्कासाठी 2 लाख रुपये लागणार आहेत. माझ्याकडे दोन फंड आहेत. कर वाचवण्यासाठी घेतलेल्या ईएलएसएसमध्ये जून 2022 पासून दर महिन्याच्या 5 तारखेला 5,000 रुपयांची एसआयपी होती. नवी करप्रणाली घेतल्यावर ती मार्च 2025 मध्ये थांबवली. फ्लेक्सी कॅपमध्ये जानेवारी 2024 पासून 10,000 रुपयांची एसआयपी अजून चालू आहे. आज 20 नोव्हेंबर 2025, म्हणजे ईएलएसएसची तीन वर्षं जूनमध्येच झाली. पण अ‍ॅप फक्त 45,000 च्या आसपास काढता येतील म्हणतंय. फ्लेक्सी कॅपवर पैसे काढताना कापला जाणारा एक टक्का एक्झिट लोडही दिसतोय. आता काढू की थांबू?

निवृत्त_बँकर
ताई, तीन वर्षांचा लॉक-इन खात्याला नसतो, प्रत्येक हप्त्याला असतो. जून 2022 चा हप्ता जून 2025 मध्ये सुटला, जुलैचा जुलैमध्ये. आजवर जून ते नोव्हेंबर 2022 असे सहा हप्ते मोकळे झाले, त्यांचेच ते 45,000. मार्च 2025 चा शेवटचा हप्ता मार्च 2028 मध्ये सुटेल. एसआयपी बंद केल्याने त्यात काही फरक पडत नाही. अडकलेल्या युनिट्सवर कर्जही मिळत नाही, त्यामुळे ते पैसे हिशोबात धरूच नका.

कोकणी_माणूस
लोड वाचवायचा असेल तर फ्लेक्सी कॅपमधून त्याच कंपनीच्या लिक्विड फंडात स्विच करा. पैसे घरातल्या घरात राहतात, मग लोड लागत नाही.

निवृत्त_बँकर
नाही हो. स्विच म्हणजे एका योजनेतून विक्री आणि दुसरीत खरेदी. लोडही लागतो आणि करही मोजला जातो. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जातानाही विक्रीच धरतात. बाजूला काढलेले पैसे लिक्विड फंडात ठेवायचे ही कल्पना मात्र चांगली आहे. तिथला लोड नगण्य असतो, आणि सातव्या दिवसापासून तोही नाही.

स्वाती_ठाणे
माझी युलिप आहे, चार वर्षं झाली. हाच नियम लावून पहिल्या वर्षाचा हप्ता काढता येईल का?

निवृत्त_बँकर
युलिपचं वेगळं आहे. तिथे पाच वर्षं पॉलिसीच्या सुरुवातीपासून मोजतात. आधी बंद केलीत तर पैसे वेगळ्या फंडात जातात आणि पाच वर्षं पूर्ण झाल्यावरच हातात येतात. वर्षभरच राहिलंय, तर आधी पॉलिसीचे कागद नीट वाचा.

मेघना_सातारा
फ्लेक्सी कॅपचं सांगता का? विवरणात एकूण किंमत साधारण अडीच लाख आहे. नोव्हेंबर 2024 पर्यंतच्या 11 हप्त्यांची 1,24,000.

निवृत्त_बँकर
विक्री करताना जुनी युनिट्स आधी जातात. वर्षाहून जुन्या युनिट्सना लोड नसेल, तर 1,24,000 पर्यंत काही कापलं जाणार नाही. त्यात ईएलएसएसचे 45,000 मिळवले की 1,69,000 झाले. उरले 31,000. ते आज काढलेत तर लोड 310 रुपये. हा लोड नफ्यावर नसतो, काढलेल्या पूर्ण रकमेवर असतो, म्हणून फंड तोट्यात असला तरी लागतो.

आता जानेवारीच्या मध्यापर्यंत काय होतं बघा. ईएलएसएसचे डिसेंबर 2022 आणि जानेवारी 2023 चे हप्ते सुटतील, फ्लेक्सी कॅपचे डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 चे वर्षाबाहेर जातील. आजच्या भावाने त्या चारांचे मिळून 31,000 पेक्षा थोडे जास्तच होतात. म्हणून माझं मत असं: मोकळे झालेले 1,69,000 आताच काढून बाजूला ठेवा, बाकीचे 15 जानेवारीच्या सुमारास. अगदी 5 तारीख धरू नका. दिवस युनिट्स मिळाल्यापासून मोजतात, आणि 5 जानेवारी 2025 ला रविवार होता.

करही बहुधा लागणार नाही. ही सगळी युनिट्स वर्षाहून जुनी असतील, आणि अशा शेअर फंडांच्या नफ्यावर आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत कर नाही. दुसरीकडे काही विकलं असेल तर तेही धरा.

कोकणी_माणूस
मग सगळेच जानेवारीपर्यंत राहू द्यावेत ना? बाजार चढला तर?

निवृत्त_बँकर
आणि पाच टक्के पडला तर दोन लाखांचे दहा हजार गेले. मुद्रांक शुल्काची तारीख बाजारासाठी थांबत नाही. 310 रुपये वाचवायला 31,000 ची जोखीम मी घेईन, दोन लाखांची नाही.

पुणेरी_गुंतवणूक
एक राहिलं. काही फ्लेक्सी कॅपमध्ये 10 टक्के युनिट्स वर्षाच्या आतही बिनलोड काढता येतात, आणि काहींमध्ये लोड दोन वर्षांपर्यंत असतो. मेघनाताई, तुमच्या योजनेचं माहितीपत्रक बघितलंत का? दोन वर्षांचा लोड असेल तर वरचा हिशोब बदलेल.

मेघना_सातारा
माहितीपत्रकात 365 दिवस लिहिलंय, आणि 10 टक्क्यांची सवलतही दिसतेय. पण ते 10 टक्के एकूण युनिट्सचे धरायचे की प्रत्येक हप्त्याचे वेगळे?

पुणेरी_गुंतवणूक
योजनेगणिक शब्दरचना वेगळी असते. फंडाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि इथेही टाका. माझाही त्यात हप्ता आहे.