मदत हवी आहे: बँकेच्या इंग्रजी नोटिशीचं मशीननं केलेलं मराठी बरोबर आहे का?

वऱ्हाडची_लेक
बाबांना बँकेची थकलेल्या कर्जाच्या वसुलीची, सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) ची नोटीस आली आहे. तारीख ४ ऑगस्ट २०२५, हाती पडली १९ ला. भावानं मोबाइलवर फोटो काढून भाषांतर केलं, त्यात असं आलं: ‘नोटीस मिळाल्यापासून ६० दिवसांत’, ‘पुढील व्याजासह रु. १२,४७,३५०’, ‘बँकेचे मालमत्तेवर शुल्क आहे’. गहाण आहे ती एनए जागा आणि डाळमिल. यावर भरवसा ठेवू का?

पांदण_रस्ता
ताई, तेच मराठी परत इंग्रजीत करून पाहा. मुळाशी जुळलं की झालं.

कागदपत्रवाला
भाऊ, त्यानं आकडे पकडले जातील, शब्द नाही. इंग्रजीत ‘चार्ज’ आहे, त्याचं ‘शुल्क’ झालं. परत उलटवलं की पुन्हा ‘चार्ज’च येणार, म्हणजे चूक दिसणारच नाही. इथे अर्थ ‘बोजा’ आहे, सातबाऱ्यावर चढतो तोच. ‘व्याजासह’चंही तसंच. वाचणाऱ्याला वाटतं, व्याज धरून १२,४७,३५०.

ताई, मूळ कागदावर ‘टुगेदर विथ फर्दर इंटरेस्ट’ आणि त्यापुढे तारीख आहे का ते बघा. १ ऑगस्टपासून असेल, तर ही रक्कम ३१ जुलैपर्यंतची आणि पुढचं व्याज वेगळं. दर १२ टक्के धरला, तर साध्या हिशेबानं रोज ४१० रुपयांच्या आसपास. खरा दर नोटिशीतूनच घ्या.

मुदतीचं सर्वांत आधी पाहा. कायद्यात ६० दिवस ‘नोटिशीच्या तारखेपासून’ आहेत. ४ ऑगस्ट सोडून मोजलं तर ३ ऑक्टोबर येते. ‘मिळाल्यापासून’ धरलं तर १८ ऑक्टोबर, म्हणजे १५ दिवसांची चूक. इंग्रजी वाक्यात ‘डेट ऑफ नोटीस’ आहे की ‘रिसीट’, ते बोट ठेवून वाचा. काहीही निघालं तरी ३ ऑक्टोबरच धरून चाला.

कपाशी_तूर
शेतजमिनीला हा कायदा लागतच नाही. कशाला घाबरता?

कागदपत्रवाला
शेतजमिनीला कलम ३१ नं सूट आहे, खरं. पण ताईंनी एनए लिहिलंय.

गावकरी_७२
मला सोसायटीची १०१ ची नोटीस आहे, मराठीतच. ती इंग्रजीत कशी करू?

कागदपत्रवाला
काकाजी, तो सहकार कायदा, मुदती वेगळ्या. नवा धागा काढा.

वऱ्हाडची_लेक
मुळात ‘डेट ऑफ नोटीस’च आहे, दादा! व्याजही १ ऑगस्टपासून वेगळं. अजून एक: काका जामीनदार आहेत, तिथे ‘संयुक्तपणे आणि अनेक वेळा’ असं आलंय.

कागदपत्रवाला
ते ‘संयुक्तपणे व पृथक्पणे’ हवं. म्हणजे बँक एकट्या काकांकडूनही पूर्ण रक्कम मागू शकते. त्यांना आजच सांगा. हरकत असेल तर ६० दिवसांच्या आत लेखी द्या आणि पोच घ्या. बँकेनं ती मान्य केली नाही, तर १५ दिवसांत कारणं कळवावी लागतात.

वऱ्हाडची_लेक
हरकत मराठीत लिहिली तर चालेल का?

पांदण_रस्ता
आमच्याकडे शाखेनं मराठी अर्ज घेतला होता. पण तो या नोटिशीचा नव्हता, म्हणून खात्रीनं सांगत नाही.