संबंध तोडलेल्या मुलाला किंवा मुलीला लिहिलेलं पहिलं पत्र: तुमचे अनुभव सांगाल का?

सांजवात
माझ्या मुलीने तीन वर्षांपूर्वी माझ्याशी बोलणं थांबवलं. ती तेव्हा एकतीस वर्षांची होती. हा धागा काढते आहे तो एकाच गोष्टीसाठी. ज्यांनी अशा मुलाला किंवा मुलीला पुन्हा पहिलं पत्र लिहिलं, त्यांनी काय लिहिलं, काय खोडलं आणि पुढे काय झालं, ते सांगावं. पत्र मिळालेल्या मुलांनीही सांगावं. माझं आधी सांगते.

तिचा शेवटचा मेसेज असा होता: "मला आता संपर्क नको. बाबा पट्टा काढायचे तेव्हा तू स्वयंपाकघरात भांडी घासत राहायचीस. हे मी तुला दहा वेळा सांगितलं, दहाही वेळा तू विषय बदललास."

मी लगेच फोन केला, मग पुन्हा पुन्हा करत राहिले. तिने नंबर ब्लॉक केल्यावर माझ्या बहिणीच्या फोनवरून केला. तिच्या ऑफिसच्या दाराशीही जाऊन उभी राहिले. मला ती माया वाटत होती. तिला मात्र एवढंच कळलं, की मी नको म्हटलेलं आईला ऐकूच येत नाही. त्या दिवसानंतर तिने मावशीशीही बोलणं टाकलं.

सव्वा वर्षाने पत्र लिहायला बसले. पहिला खर्डा चार पानांचा झाला. समुपदेशन करणारी माझी एक मैत्रीण आहे, तिला वाचायला दिला. ती काही बोलली नाही, लाल पेनाने फक्त "पण" या शब्दाभोवती गोल करत गेली. सतरा गोल झाले. "माझं चुकलं, पण तेव्हा घरात माझं काही चालत नव्हतं." "तुला त्रास झाला, पण तुझं शिक्षण तर आम्ही कधी थांबवलं नाही." तिसरं पान तर सगळं माझ्याच हालअपेष्टांचं होतं. त्यातलं खोटं काहीच नव्हतं. पण ते माझ्या लेकीने माझी समजूत काढावी म्हणून लिहिलं होतं.

पाचव्या खर्ड्यात जे उरलं, ते इथे देते:

"तू सांगितलं होतंस ते खरं आहे. बाबा मारायचे तेव्हा मी मध्ये पडले नाही. मला आवाज ऐकू यायचा. मी नळ सोडून भांडी घासत राहायचे. तू मोठी होऊन हे बोललीस, तेव्हाही मी ऐकून घेतलं नाही. तुला वाचवणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. या पत्राला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. तुला कधी बोलावंसं वाटलं तर मी फक्त ऐकेन. तू बोलवेपर्यंत मी तुझ्या घरी किंवा ऑफिसला येणार नाही. आई."

नळाचं वाक्य लिहायला मला दोन महिने लागले.

पोस्टाने पाठवलं. फोनवर पाठवलं असतं तर तिने वाचलं का, हे दर तासाला बघत बसले असते. पाच महिन्यांनी ईमेल आला: "पत्र मिळालं. बाबांना दाखवलंस का?" मी लिहिलं, "नाही. दाखवणारही नाही." एवढंच. त्या रात्री आणखी पानभर लिहावंसं वाटत होतं, ते वहीत लिहिलं. त्यानंतर सात महिने काहीच नाही. मग एक दिवस तिचा फोन आला. आता महिन्यातून एकदा बोलतो. ती घरी येत नाही, वडिलांचं नाव काढत नाही, मीही काढत नाही.

उंबरठा
मी दुसऱ्या बाजूचा. सहा वर्षं आईवडिलांशी बोललो नाही, आता वडिलांशी थोडं बोलतो. त्यांची पत्रं यायची ती मी सगळी वाचायचो. मुलं वाचत नाहीत असं समजू नका. मी एकच गोष्ट शोधत असायचो: यांना माझं म्हणणं कळलंय, की फक्त मी नसल्याचं दुःख आहे? "घर सुनं झालंय", "आईने अंथरूण धरलंय", "आमचे किती दिवस उरलेत", हे वाचलं की पत्र मिटून ठेवायचो. आईच्या आजारपणाचा निरोप तीनदा आला. दोनदा धावत गेलो, दोन्ही वेळा साधा ताप निघाला आणि सोफ्यावर दोन काका मला समजवायला बसलेले. तिसऱ्यांदा ती खरंच आजारी होती, तेव्हा मी गेलो नाही. ते अजून माझ्या मनावर आहे.

सांजवातताई, नळाचं वाक्य माझ्या आईने लिहिलं असतं, तर मी त्याच आठवड्यात फोन केला असता. "तुला वाईट वाटलं असेल तर माफ कर" अशी पत्रं मात्र मला नऊ आली.

जुनावड
माझं मत थोडं वेगळं आहे. कॉर्नेल विद्यापीठाचे कार्ल पिलेमर यांची पाहणी २०२० साली आली, त्यात २७ टक्के मुलांनी आईबापांना तोडलं आहे असं निघालं. म्हणजे हा आजकालच्या पिढीचाच प्रश्न आहे. माझा अनुभव सांगतो, दर महिन्याला एक मेसेज टाकत राहायचा. दार उघडं आहे हे त्यांना दिसत राहिलं पाहिजे. माझ्या मुलाने दोन वर्षांनी उत्तर दिलं.

पाणंद
जुनावड, तो आकडा थोडा वेगळा आहे. ती पाहणी अमेरिकेतली, तेराशेहून जास्त प्रौढांची. त्यातल्या २७ टक्के लोकांचा कुठल्या ना कुठल्या नातेवाइकाशी संबंध तुटलेला होता. भाऊ, बहीण, आजोबा, सगळे त्यात आले. फक्त आईबाप आणि मुलं नव्हेत. त्यांनी पुन्हा जुळलेल्या लोकांच्या मुलाखतीही घेतल्या होत्या. त्यातलं मला महत्त्वाचं वाटतं ते असं, की जुळलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी "आधी माझी बाजू मान्य कर" हा आग्रह सोडला होता.

मी एकवीस वर्षं कुटुंबांसोबत समुपदेशनाचं काम करते. दर महिन्याच्या मेसेजबद्दल एवढंच विचारते: मुलाने नुसतं बोलणं कमी केलं होतं, की "संपर्क करू नका" असं स्पष्ट म्हटलं होतं? गप्प राहिलेल्या मुलाला अधूनमधून एखादी साधी ओळ पाठवली तर चालू शकतं. स्पष्ट नाही म्हटलेल्याला तीच ओळ दर महिन्याला टोचते. तिथे मी एकच पत्र लिहायला सांगते, आणि पुढे निदान वर्षभर काहीही पाठवायचं नाही. वाढदिवसाची भेटवस्तू नाही, बहिणीमार्फत निरोप नाही. वकिलाची नोटीस आली असेल, तर ते एक पत्रसुद्धा नाही.

आणखी एक अडचण फार येते. मुलगा जे सांगतो ते आईबापाला आठवतच नाही. तेव्हा आठवतंय असं खोटं लिहू नये. पुढच्याच बोलण्यात ते उघडं पडतं. पण "असं काही झालंच नव्हतं" हेही लिहू नये. "मला तो दिवस आठवत नाही. तू सांगतो आहेस ते मी खरं मानतो, आणि मला आणखी ऐकायचं आहे." एवढं प्रामाणिकपणे लिहिता येत असेल तरच लिहावं. आणि पत्र टपालात टाकण्याआधी स्वतःला विचारावं: उत्तर आलंच नाही, तर मी चिडेन का? उत्तर "हो" असेल तर पत्र अजून तयार नाही.

जुनावड
माझ्या मुलाने स्पष्ट नाही म्हटलं नव्हतं, फक्त उत्तर देत नसे. हा फरक मी धरला नव्हता. आकडाही तपासायला हवा होता.

मोरपीस
माझाही मुलगा आता पूर्वीसारखा बोलत नाही. पंधरा दिवसांनी फोन करतो आणि दहा मिनिटांत ठेवतो. सून आल्यापासून हे सुरू झालं. मी पण असंच पत्र लिहू का?

पाणंद
मोरपीस, तो फोन करतो आहे. असं पत्र गेलं तर त्याला वाटेल काहीतरी मोठं बिनसलंय. त्या दहा मिनिटांत तक्रार किती असते आणि त्याची चौकशी किती, ते दोन-तीन फोन ऐकून बघा. सुनेचा विषय पत्रात नकोच.

काजवा
माझं प्रकरण इथे बसत नाही. मुलाला दारूचं व्यसन आहे. मी पैसे द्यायचं थांबवलं म्हणून त्याने मला तोडलं. सांजवात यांच्यासारखं पत्र मी मनात लिहून पाहिलं, पण कबूल करण्यासारखं एकच सापडतं. तो पंधरा वर्षांचा असताना मी दुसरं लग्न केलं आणि त्याला आधी सांगितलं नाही. ते लिहायची माझी तयारी आहे. भीती अशी, की पत्राला उत्तर म्हणून पैशांचीच मागणी येईल आणि मी विरघळेन.

पाणंद
लग्नाचं लिहा, पैशांचा विषय त्या पत्रात आणू नका. मागणी आली तर काय उत्तर द्यायचं, ते आजच एका ओळीत लिहून ठेवा आणि तेच पाठवा. एवढ्याने तो परत येईल असं मी म्हणणार नाही. व्यसन सुरू असताना आलेली जवळीक किती खरी, हे मलाही दर वेळी ओळखता येत नाही.

दीपमाळ
माझं पत्र न उघडता परत आलं. मुलीच्याच अक्षरात पाकिटावर "घेणाऱ्याने नाकारले" लिहिलं होतं. चार वर्षांनी तिचं अक्षर पाहिलं. पाकीट कपाटात आहे. मी वाट पाहायचं ठरवलं होतं, पण आता मला घर बदलावं लागतंय. तिच्याकडे माझा जुनाच पत्ता आहे. नवा पत्ता कळवला तर तो संपर्क होतो का?

पाणंद
कळवा. पोस्टकार्डावर, म्हणजे उघडावं लागणार नाही. पत्ता, तारीख, सही. "आठवण येते" हेसुद्धा नको.

उंबरठा
मला हे पटत नाही. तिने नाही म्हटलंय. मला असं कार्ड आलं असतं, तर पुन्हा एक वाट काढली असं वाटलं असतं. पत्ता ज्याच्याकडून तिला मिळू शकेल अशा कुणाकडे नुसता ठेवा. ती विचारेल तेव्हा मिळेल.

सांजवात
उंबरठा, पण तिने विचारायचं ठरवलं आणि तेव्हा कुणाला विचारावं हेच कळलं नाही तर? माझ्या मुलीला पाच महिन्यांनी उत्तर द्यावंसं वाटलं, तेव्हा ईमेल कुठे पाठवायचा हे तिला माहीत होतं.

दीपमाळ
दोघांचं वाचलं. पोस्टकार्ड आणलं आहे, पत्ता लिहिला आहे. अजून टाकलेलं नाही. घर महिनाअखेरीस सोडायचं आहे, तोवर टेबलावर ठेवते.