आंब्याच्या पेट्या उशिरा पोचल्या, माफीचा ईमेल

‘पावसामुळे व कुरिअरच्या हलगर्जीपणामुळे काही ग्राहकांना विलंब झाला असल्यास दिलगीर आहोत. पुढील खरेदीवर १० टक्के सूट.’ लातूरहून पाठवलेल्या केशर आंब्याच्या पेट्या चार दिवस उशिरा पोचल्या. हा ईमेल जाऊ द्यावा का?

नको दादा. ‘झाला असल्यास’ वाचून माणूस जास्तच चिडतो, त्याला तर उशीर झालेलाच आहे. आणि पैसे त्याने तुम्हाला दिलेत, कुरिअरला नाहीत. सूटही काढा. हंगाम संपत आलाय, म्हणजे भरपाईसाठी त्याने पुढच्या वर्षी पुन्हा खर्च करायचा! खरं नुकसान फळांचं आहे. केशर बंद पेटीत पिकतच राहतो, चार दिवसांत मऊ पडून डागाळतो. भरपाई त्याची हवी.

मी असं लिहीन:

‘नमस्कार. तुमची पेटी १८ मेला मिळेल असं आम्ही सांगितलं होतं, ती २२ ला मिळाली. चूक आमची आहे, माफ करा. पावसात गाडी अडकल्याचं आम्हाला १९ लाच कळलं होतं, तेव्हाच तुम्हाला कळवायला हवं होतं. डिलिव्हरीचे १५० रुपये तुमच्या खात्यात परत केले आहेत. फळं खराब निघाली असतील तर फोटो पाठवा. तेवढ्या फळांचे पैसे किंवा नवी पेटी, तुम्ही म्हणाल ते.’

खाली स्वतःचं नाव आणि उचलला जाईल असा नंबर द्या. ‘परत केले’ हे पैसे खरंच गेल्यावरच लिहा. नव्या पेट्या शिल्लक नसतील तर तो पर्याय देऊ नका. ज्यांची पेटी अजून वाटेत आहे त्यांना हा मजकूर चालणार नाही, त्यांना आजच फोन करा.