मदत हवी आहे: मनालीच्या सहलीआधी पालकांना मेल पाठवायचाय, कपड्यांचं नेमकं काय लिहू?

मी परभणीत आठवीला शिकवते. जानेवारीत ४२ लेकरं घेऊन मनालीला चाललोय, सचखंड एक्सप्रेसनं अंबाल्यापर्यंत आणि पुढं बस. गेल्या वेळी मेलमध्ये मी "जाड जॅकेट द्या" एवढंच लिहिलं होतं आणि पालकांनी दिलंही. सोलंगला बर्फात खेळून आल्यावर एक मुलगी बसमध्ये हुडहुडी भरून रडायला लागली. जॅकेट कोरडं होतं, पण आतलं सुती बनियन पिळावं इतकं ओलं. कोरडे कपडे बसच्या डिकीतल्या बॅगेत, आणि बस घाटात. चूक माझ्या मेलची होती. यंदा काय लिहू?

गोदाकाठ: बाई, सुती बनियनच द्या, घाम टिपून घेतं. आणि मोजे दोन-दोन जोड घालायला सांगा.

डोंगरवेडा: घाम टिपतं हे खरं, पण टिपलेला घाम धरून बसतं आणि थांबलं की तेच अंग गार करतं. आपल्याकडं घाम उन्हात वाळतो, तिथं वाळत नाही. अंगाला थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर, वर वारं अडवणारं जॅकेट. खेळायला उतरण्याआधी स्वेटर काढायचा, बसमध्ये चढताना परत घालायचा. मानेमागं कपड्याच्या आत हात घालून बघा, दमट लागलं तर एक कपडा जास्त आहे. बुटात दोन मोजे कोंबले तर बोटं आवळतात आणि उलट जास्त गारठतात. एकच जाड लोकरी मोजा, आणि तो घालून बूट घरीच चालवून बघायचे, आत बोटं हलली पाहिजेत.

मायलेक_नांदेड: आमच्या पोराला घाटात फार उलट्या होतात. त्याला कुठलं स्वेटर द्यावं?

डोंगरवेडा: ताई, त्याला स्वेटरचा उपयोग नाही. पुढची सीट द्या, निघताना पोटभर खाऊ घालू नका आणि गोळीचं डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ती: काही घरांना थर्मल परवडणार नाही. पालक म्हणतात, परभणीतली थंडी काय कमी असते?

डोंगरवेडा: परभणीत दुपारी ऊन मिळतं, मनालीत बर्फ पडत असला की दिवसभर मिळत नाही. थर्मल नसेल तर कबड्डीचा पॉलिस्टरचा टी-शर्ट अंगालगत चालेल, थर्मलइतका उबदार नाही पण लवकर वाळतो.

धागाकर्ती: मग मेलमध्ये असं टाकते: "पाठीवरच्या छोट्या सॅकमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून एक कोरडा टी-शर्ट, एक जोड मोजे आणि कानटोपी द्या. ही सॅक डिकीत जाणार नाही. नवे बूट आठ दिवस आधीपासून घालायला लावा."

गोदाकाठ: हातमोजे राहिले बाई. लोकरीचे बर्फात भिजतात.

धागाकर्ती: खरंय. सोलंगच्या वाटेवर गमबूट आणि बर्फाचे सूट भाड्यानं मिळतात, तिथंच हातमोजेही घ्यावेत का? ४२ जणांच्या मापाचे एकदम मिळतील का, कुणी शाळा घेऊन गेलं असेल तर सांगा.